मुख्याध्यापिकाबाईंना पत्र देण्याआधी

ते चार पानी पत्र उद्या शाळेत देऊ नकोस. फाडूही नकोस, कारण त्यातला शब्दन् शब्द खरा आहे आणि तुझ्या जागी कुठलीही आई असंच लिहील. पोरगा परिपाठात सुविचार वाचायला उभा राहतो, पहिल्याच अक्षरावर अडखळतो, मागच्या रांगेतलं कुणीतरी ते मोबाइलवर टिपतं आणि संध्याकाळपर्यंत वर्गाच्या ग्रुपवर सगळे हसत असतात. वर त्याच्या अडकलेल्या चेहऱ्याचं स्टिकर! वाचून माझ्याही पोटात तुटलं गं. पण माझी नोकरी शाळेत गेली, शेवटची बरीच वर्षं मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत. अशी पत्रं माझ्या टेबलावर यायची. त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूला काय घडतं, ते तुला सांगते.

लांबलचक पत्र आलं की मुख्याध्यापक पहिला परिच्छेद वाचतात आणि मग शेवटचा. मधलं राहूनच जातं. तुझ्या पहिल्या परिच्छेदात फी आणि शिस्तीची लक्तरं आहेत, शेवटच्यात ‘तिघांना शाळेतून काढा, नाहीतर पेपरात देईन’ आहे. तुझ्या लेकाचं काय झालं आणि उद्या सकाळी शाळेने काय करायचं, हे चटकन कुठेच सापडत नाही. असं पत्र सरळ संस्थेच्या सचिवांकडे जातं, ते वकिलांना विचारतात आणि आठवड्याने तुला ‘चौकशी सुरू आहे’ एवढी एक ओळ मिळते. तोवर स्टिकर शेजारच्या तुकडीतही पोचलेलं असतं.

आणि ती काढून टाकण्याची मागणी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, मुलाला शाळेतून काढता येत नाही. बहुतेक शाळांना हे लागू आहे. तू मागशील तीच गोष्ट शाळेला करता येणार नाही. मग बाई तेवढंच धरून बसतील, ‘नियमात बसत नाही’ म्हणतील, आणि ज्या चार गोष्टी नियमात चपखल बसतात त्या राहून जातील.

माझं म्हणणं एवढंच, की हे पत्र व्हिडिओ थांबवण्यासाठी आणि लेकाचा शाळेतला पुढचा आठवडा सुसह्य करण्यासाठी लिही. शिक्षेचं नंतर बघू.

पत्राला बसण्याआधी आज रात्री दोन कामं आहेत. पहिलं पुराव्याचं. इन्स्टाग्रामची स्टोरी चोवीस तासांत जाते, ग्रुपवर मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय चालू असेल तर तेही जातात, आणि गडबड झाल्याचा वास लागला की मुलं आधी पुसापुशी करतात. म्हणून लेकाला विचारून, त्याच्यासमोर, त्याच्या फोनवर स्क्रीनशॉट घे. ग्रुपचं नाव, ज्याने टाकलं त्याचा नंबर, तारीख आणि वेळ हे सगळं दिसायला हवं. नंबर सेव्ह असेल तर स्क्रीनवर नुसतं ‘बंटी’ दिसतं, त्याने काही सिद्ध होत नाही. त्या नावावर दाबून आतला नंबर दिसेल असा वेगळा स्क्रीनशॉट घे. ग्रुपच्या माहितीत ॲडमिन कोण तेही दिसतं, त्याचाही घे. स्टिकर कुणी पाठवलं आणि त्याखाली कोण काय बोललं, हेही. ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का दिसला तर एवढं समज, की टाकणाऱ्याला ते दुसरीकडून आलंय. तो मूळ व्हिडिओ काढणारा असेलच असं नाही. तुझ्या पत्रात तिघांवर चित्रीकरणाचा ठपका आहे, पण तू मला जे दाखवलंस त्यात दोघांच्या मेसेजवर हा शिक्का आहे. चुकीच्या मुलाचं नाव घातलंस, तर त्याचे आईवडील पहिल्याच बैठकीत सगळं पत्र खोटं पाडतील.

व्हिडिओ मात्र कुणालाच पाठवू नकोस. भावाला नाही, वर्गशिक्षिकेला नाही, मलाही नाही. तू पाठवलेली प्रतसुद्धा एक प्रतच असते, आणि शिक्षकांच्या ग्रुपवर ‘बघा हो काय चाललंय’ म्हणून फिरलेले व्हिडिओ मी पाहिले आहेत.

ग्रुपच्या ॲडमिनच्या आईला तू ओळखतेस ना? तिला आजच फोन कर. व्हॉट्सॲपवर टाकणाऱ्याला साधारण दोन दिवसच सगळ्यांसाठी मेसेज पुसता येतो, आणि ॲडमिनलाही दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांच्या फोनवरून काढता येतो. फोनवर भांडू नकोस. ‘तुमच्या मुलाच्या ग्रुपवर हे आहे, मी स्क्रीनशॉट घेतलेत, आता तो मेसेज त्याच्याकडून सगळ्यांसाठी डिलीट करवून घ्या’ एवढंच बोल. ज्यांच्या गॅलरीत व्हिडिओ उतरलाय आणि ज्यांनी स्टिकर साठवून ठेवलंय, त्यांच्याकडून तो असा जात नाही. त्यासाठीच शाळा हवी.

दुसरं काम लेकाशी बोलायचं. आठवीतल्या मुलाला व्हिडिओइतकीच ‘आईने शाळेत जाऊन सांगितलं’ याची धास्ती असते. पत्र द्यायचं की नाही हे तू ठरव, ते ओझं त्याच्यावर टाकू नकोस. पण पत्रात काय असेल हे त्याने आधी वाचलेलं असू दे, आणि काही गोष्टींवर त्याचा शब्द शेवटचा असू दे. वर्गात याविषयी कुणी बोललेलं त्याला चालेल का? चाललं तर तो तेव्हा वर्गात असेल की नाही? कुठल्या बाकावर बसायचंय? कुठल्या शिक्षकाशी तो बोलू शकतो? आणि सुविचार पुन्हा वाचायचाय का? हा शेवटचा प्रश्न विसरू नकोस, कारण शाळा हमखास इथेच चुकते. ‘त्याला त्रास नको’ म्हणून परिपाठातून त्याचं नाव गुपचूप काढून टाकतात. हसणारे जिथल्या तिथे राहतात आणि अडखळणारा गप्प होतो. अडखळणाऱ्या मुलाला हेच शिकवायचं नसतं, की अडखळतोस तर बोलूच नकोस.

आता पत्र. मी एक खर्डा केलाय, तुझ्या तारखा आणि नावं घाल.

प्रति,
मा. मुख्याध्यापिका,

विषय : इयत्ता ८ वी ब मधील माझ्या मुलाचा परिपाठात काढलेला व्हिडिओ व त्याचे स्टिकर पसरवणे तातडीने थांबवण्याबाबत.

महोदया,

माझा मुलगा आपल्या शाळेत इयत्ता ८ वी ब मध्ये शिकतो. सोमवारी सकाळी परिपाठात सुविचार वाचताना तो बोलण्यात अडखळला. त्या वेळी वर्गातील एका विद्यार्थ्याने मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला. शाळेत मोबाइल आणण्यास मनाई आहे. त्याच संध्याकाळी हा व्हिडिओ वर्गातील मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. त्यातून स्टिकर बनवले गेले व एका विद्यार्थ्याच्या इन्स्टाग्राम स्टोरीवरही तो ठेवला गेला. मंगळवारपासून वर्गात आणि मधल्या सुट्टीत मुले त्याच्या अडखळण्याची नक्कल करत आहेत. बुधवारी तो शाळेत आला नाही.

मेसेजचे स्क्रीनशॉट व त्यात दिसणारी नावे बंद पाकिटात स्वतंत्र जोडली आहेत. व्हिडिओ जोडलेला नाही. तो कोणालाही दाखवू अथवा पाठवू नये, ही विनंती.

आपल्याकडून माझी विनंती अशी : पत्र मिळाल्याच्या दिवशीच, पाकिटात नावे असलेल्या विद्यार्थ्यांच्या पालकांना स्वतंत्रपणे कळवावे, व व्हिडिओ आणि स्टिकर त्यांच्या देखरेखीखाली फोनमधून काढल्याचे त्यांच्याकडून लेखी घ्यावे. माझा मुलगा शुक्रवारी शाळेत येईल. त्या दिवसापासून त्याने ज्यांच्याकडे जाऊ शकावे असे एक शिक्षक नेमावेत, आणि मधल्या सुट्टीत वर्ग व जिना येथे शिक्षकांचे लक्ष असावे. त्याची परिपाठातील पाळी त्याला विचारल्याशिवाय रद्द करू नये. व्हिडिओ काढणे व पसरवणे याबाबत चौकशी करून केलेली कार्यवाही मला आठ दिवसांत लेखी कळवावी.

माझ्या मुलाला संबंधित विद्यार्थ्यांसमोर बसवून चौकशी करू नये, आणि परिपाठात या विषयावर त्याच्या नावाने किंवा त्याला ओळखता येईल असे बोलू नये.

आपल्याला भेटण्यासाठी उद्या अथवा परवाची वेळ द्यावी.

आपली विश्वासू

बघ, एका पानात झालं. आता यातलं काय कशासाठी, ते सांगते. म्हणजे बाईंनी समोर बसवून प्रश्न विचारले तर तू गडबडणार नाहीस.

तू सगळ्यात आधी ऐकशील ते वाक्य म्हणजे ‘हे शाळेबाहेर, मुलांच्या खासगी ग्रुपवर झालंय.’ म्हणून पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात परिपाठ आहे, शाळेची वेळ आहे, मोबाइलबंदी आहे आणि मधल्या सुट्टीतली नक्कल आहे. ग्रुप घरी चालत असेल, पण चित्रीकरण शाळेच्या आवारात झालं आणि त्रासही तिथेच चाललाय. यावर वाद घालत बसायला नको, नुसतं त्या वाक्यावर बोट ठेव.

नावं पाकिटात का? तीही चौदा वर्षांची पोरं आहेत. पत्र टेबलावर, आवक नोंदीत, कारकुनाच्या हातात फिरतं. उघड्या पत्रात नावं असली की संध्याकाळी ती पालकांच्या ग्रुपवर येतात, तिकडचे पालक चिडतात आणि विषय ‘आमच्या मुलांची बदनामी’ असा फिरतो. याच कारणासाठी पालकांच्या ग्रुपवर आणि फेसबुकवर तू काहीही लिहायचं नाहीस. आज हळहळणारे लोक व्हिडिओ कुठे बघायला मिळेल तेही विचारतात.

पालकांच्या देखरेखीखाली काढायचं असं लिहिलंय, कारण मुलांचे फोन उघडून आत शोधाशोध शाळेने करू नये. त्यातून नवी भांडणं निघतात आणि कुणाच्या फोनमध्ये भलतंच काही सापडलं तर मूळ गोष्ट बाजूला पडते. स्टिकरचं नाव मुद्दाम घेतलंय. पालक व्हिडिओ पुसतात आणि स्टिकर साठवलेल्यांत तसंच राहतं. पुढचे कित्येक महिने कुणी काही बोललं की उत्तर म्हणून तेच टाकलं जातं, आणि त्रास खरा तिथून सुरू होतो. व्हिडिओ एकदा बघून विसरतात, स्टिकर रोज वापरतात.

समोरासमोर बसवू नये, हे फार महत्त्वाचं. भल्या मनाचे मुख्याध्यापकसुद्धा हे करतात. केबिनमध्ये दोन्हीकडच्या मुलांना बोलावतात, ‘सॉरी म्हण, हात मिळव, विषय संपला’ म्हणतात. अडखळणाऱ्या मुलाला तिथे, चार मोठ्यांसमोर, ‘ठीक आहे’ म्हणावं लागतं, आणि तेही त्याच्या तोंडून नीट येत नाही. बाहेर पडल्यावर त्याचीही नक्कल होते. माफी हवी असेल तर ती पुढे, त्याला हवी तेव्हा, चिठ्ठीतून घेता येते. तसंच परिपाठात ‘आपल्या एका विद्यार्थ्याचा व्हिडिओ’ म्हणून भाषण झालं, तर ज्यांना माहीत नव्हतं तेही मधल्या सुट्टीत शोधायला लागतात.

पत्र दोन प्रतींत ने. कार्यालयात दे आणि तुझ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घे. हे वाईट वाटून घेण्यासारखं नाही, कार्यालयाचं रोजचंच काम आहे. तेच पत्र शाळेच्या ईमेलवरही टाक. भेटीनंतर घरी येऊन दोन ओळींचा ईमेल कर, की आज असं असं ठरलं. तोंडी ठरलेलं आठ दिवसांनी कुणाला आठवत नाही. राज्यातल्या शाळांत २०२२ पासून सखी सावित्री समिती नेमलेली असायला हवी. मुलांसाठीही सुरक्षित वातावरण हे तिचं काम आहे. भेटीत विचार, की हा विषय तिच्यापुढे कधी येईल. आठ दिवसांत काहीच हललं नाही तर आवक क्रमांकासह जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे जायचं, मुंबईत असलं तर शिक्षण निरीक्षकांकडे. शाळा सीबीएसईची असेल तर मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडेही. आधीच सगळ्यांना प्रती पाठवू नकोस. वरून विचारणा आली की मुख्याध्यापक आधी स्वतःच्या बचावाचे कागद करतात आणि वर्गातलं काम मागे पडतं.

पोलिसांचंही तू विचारलंस. तुझ्या लेकाच्या व्हिडिओत उघडं अंग किंवा लैंगिक असं काही नाही. अशा प्रकरणात तक्रार देता येते, पण फार अपेक्षा ठेवू नकोस. करणारी मुलं अठराच्या खालची असली की अत्यंत गंभीर गुन्हे सोडून एरवी सहसा एफआयआर होत नाही. बाल कल्याण पोलिस अधिकारी ठाण्याच्या डायरीत नोंद करतो आणि पुढचं बाल न्याय मंडळाकडे. ते काम सावकाश चालतं आणि स्टिकर त्याने थांबत नाही. धमक्या सुरू झाल्या, पैसे मागितले, खोट्या नावाने खातं काढून व्हिडिओ टाकला, तर मात्र थांबू नकोस. cybercrime.gov.in वर नोंदव आणि ठाण्यातही जा.

आणि एक गोष्ट आत्ताच लेकाला शांतपणे विचार, की याच्याशिवाय दुसरा काही व्हिडिओ आहे का? कपडे बदलताना, स्वच्छतागृहात, सहलीला? मुलं लहान गोष्ट आईला सांगतात आणि मोठी पोटात ठेवतात. तसं काही निघालं तर हे पत्र बाजूला ठेव, कारण मग रस्ता वेगळा आहे. २०१२ चा पोक्सो कायदा मुलगा आणि मुलगी दोघांनाही सारखाच लागू आहे. कलम १९ प्रमाणे अशी गोष्ट कळली की पोलिसांना कळवणं कुणालाही बंधनकारक आहे, आणि शाळेच्या प्रमुखाने दडपली तर कलम २१ प्रमाणे त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा ‘आपण आपसात मिटवू’ हा पर्याय बाईंच्याही हातात राहत नाही. तशा व्हिडिओचा स्क्रीनशॉटही काढायचा नाही. कुणी, कुठे, कधी टाकलं एवढं लिहून काढ आणि फोन पोलिसांना दाखव. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर अशा वेळी लगेच लाव. नग्न चित्रं पसरू नयेत म्हणून Take It Down नावाची मोफत सेवा आहे. ती फोनमधल्या चित्राचा फक्त सांकेतिक ठसा घेते, चित्र कुणाकडे जात नाही, आणि त्यात सहभागी असलेली समाजमाध्यमं त्या ठशावरून ते शोधून काढतात. पण व्हॉट्सॲपवर एकमेकांना पाठवलेलं तिला दिसत नाही, हेही लक्षात ठेव.

लेकाला खोटं आश्वासन देऊ नकोस की ‘आता सगळीकडून गेलं’. कुणाच्या तरी फोनमध्ये एखादी प्रत राहील, आणि उद्या ती दिसली तर तुझाच शब्द खोटा ठरेल. त्याला सांग, की पुन्हा दिसलं तर स्क्रीनशॉट घे आणि मला दाखव, पुढे काय करायचं ते आपलं ठरलेलं आहे.

पत्राचा उपयोग होतोय की नाही, हे शाळेच्या उत्तरावरून ओळखू नकोस. डबा पुरा खाऊन येतो का ते बघ, कारण मधल्या सुट्टीत एकटा पडलेला मुलगा डबा तसाच आणतो. रविवारी रात्री पोट दुखतंय का, नेहमीचा मित्र घरी येतोय का, वर्गात प्रश्नाचं उत्तर येत असूनही ‘माहीत नाही’ म्हणून बसतोय का, ते बघ. हे शेवटचं वर्गशिक्षिकेला विचार, त्यांनाच कळेल. बोलण्याचा सराव त्याने मध्येच सोडला होता ना, त्या थेरपिस्टताईंनाही झालं ते सांगून ठेव. आणि तो ‘मी नसलेलाच बरा’ अशा वळणावर बोलला, अगदी हसत बोलला, तरी ते मनावर घे. त्याच दिवशी डॉक्टरांकडे ने, आणि रात्रीच्या वेळी टेलिमानसचा १४४१६ हा नंबर कधीही लागतो.

आता स्क्रीनशॉटचं काम कर आणि त्याला खर्डा वाचायला दे. त्याने काही खोडलं तर खोडलेलंच राहू दे, मग मला पाठव. उद्या कार्यालय उघडायच्या आत मी एकदा नजर घालते, आणि बाईंनी भेटीची वेळ दिली की कळव. मी तुझ्याबरोबर येते.